दोन कोटी येन उसने

जया वाळुंज मला पहिल्यांदा नीट दिसली ती १९८१ सालच्या पालकसभेत, आणि तीही तिच्या स्वतःच्या पालकांबरोबर नव्हे. खडकीच्या शाळेत मी तेव्हा मराठी शिकवत होतो. आमची बरीचशी मुलं दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टर्समधून यायची. त्या दिवशी सोनू नावाच्या मुलाची आई आली होती. तिला तेलुगूशिवाय काही येत नव्हतं, म्हणून शेजारची नववीतली मुलगी तिने सोबत आणली होती. दोन वेण्या, हातात कुणाची तरी छत्री. क्वार्टर्समध्ये खेळता खेळता ती तेलुगू शिकली होती.

मी म्हणालो, "यांना सांग, मुलगा आळशी आहे, खोटं बोलतो आणि यंदा नापास होणार."

जयाने बरंच काही सांगितलं. बाईंचा चेहरा उजळला, त्यांनी मला नमस्कार केला आणि गेल्या. मला तेलुगू येत नाही, पण एवढं समजलं की मी बोललो ते काही त्यांच्यापर्यंत पोचलं नाही.

"काय सांगितलंस?"

"सांगितलं, मुलगा हुशार आहे, पण अजून नीट जागा झालेला नाही."

"मी असं म्हणालो नव्हतो."

"सर, त्या रडल्या असत्या," ती म्हणाली. जणू तेवढ्यावर विषय संपत होता.

एप्रिलमध्ये सोनू नापास झाला. त्याची आई निकालाचा कागद घेऊन शाळेच्या फाटकाशी दोन तास उभी होती. जया त्या दिवशी शाळेत आली नाही.

तिचे वडील दत्तोबा कारखान्यात स्फोटकं भरण्याच्या विभागात कामगार होते. मूळचे खेडकडचे. आई कौशल्याबाई लवकर गेल्या. जया कॉलेजात असताना पुण्यात जपानी शिकायची टूम निघाली होती, त्यात ती शिरली आणि बाहेर आलीच नाही. एकामागून एक परीक्षा दिल्या, दोन वेळा जपानला जाऊन आली. पुढे नव्वदीत हिंजवडीपर्यंत कंपन्या उभ्या राहिल्या, तेव्हा जपानी वाचणाऱ्या माणसांना भाव आला. जयाने नोकरी सोडून बिबवेवाडीत स्वतःचं भाषांतराचं ऑफिस काढलं. यंत्रांची माहितीपुस्तकं, सॉफ्टवेअरच्या सूचना, असलं काम. जपानीतून इंग्रजीत. हाताखाली अकरा जणी. लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणायची, "सर, जपानीत क्रियापद शेवटी येतं. मी अजून वाक्याच्या मध्यावर आहे."

मी निवृत्त होऊन बिबवेवाडीलाच राहायला आलो, तेव्हा ती आणि दत्तोबा आमच्या मागच्या गल्लीत राहत होते. दत्तोबांनी फंडाच्या आणि ग्रॅच्युइटीच्या पैशांतून तिथे दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला होता. दारावर पितळी पाटी: दत्तोबा रखमाजी वाळुंज. ती ते रोज पुसत. एकदा मी म्हणालो, "वाळुंज, झिजेल ती." ते म्हणाले, "मास्तर, चाळीस वर्षं सरकारच्या घरात ऱ्हायलो. आता माझं नाव झिजंना का, माझंच हाय."

हे सगळं २००७ च्या आधीचं.

त्या वर्षीच्या जून महिन्यात जयाच्या ऑफिसची जागा मालकाने विकायला काढली. तिने घ्यायचं ठरवलं. चाळीस लाख लागत होते. बँका तेरा टक्के व्याज सांगत होत्या. तेवढ्यात एका खाजगी बँकेतला ऋषी नावाचा अधिकारी तिच्याकडे आला. तिशीच्या आतला, वागायला चांगला, लॅपटॉप उघडल्याशिवाय बोलणं सुरू न करणारा. त्या दिवशी मी तिथे होतो, कारण एका माहितीपत्रकाचं मराठी तपासायला तिने मला बोलावलं होतं.

"मॅडम, रुपयात तेरा टक्के कशाला देताय? येनमध्ये घ्या. साधारण तीन टक्के पडेल. जपानमध्ये व्याज जवळजवळ झीरो आहे, तुम्हाला मी काय सांगणार."

"आणि परत करताना?"

"येनमध्येच परत करायचे. दरवर्षी रिन्यू होतं. आज शंभर येनला तेहतीस रुपये आहेत. दोन कोटी येन घेतलेत तर सहासष्ट लाख हातात येतील. आणि मॅडम, येन वर गेला तरी तुम्हाला काय टेन्शन? तुमचं तर सगळं कामच जपानी. नॅचरल हेज आहे तुमचा."

शेवटचे शब्द मला कळले नाहीत. जयाने मला समजावून सांगितलं: ज्या चलनात कर्ज, त्याच चलनात कमाई असली, तर दर कुठेही जावो, धोका नाही. सांगताना तिचा चेहरा खुलला होता. वीस वर्षं ती त्या भाषेत जगली होती. तिच्या टेबलावर जपानी चहाची कपबशी होती, भिंतीवर जपानी दिनदर्शिका. येन ही तिला घरची वस्तू वाटत होती.

तिची कमाई मात्र येनमध्ये नव्हती. जपानी कंपन्यांचं काम तिला सिंगापूरच्या एका मध्यस्थ कंपनीकडून यायचं आणि ती कंपनी पैसे डॉलरमध्ये द्यायची. दर महिन्याचं बिल जया स्वतः टाइप करायची. प्रत्येक बिलावर डॉलरचं चिन्ह असायचं. पण ऋषीने बिल पाहिलं नाही, आणि जयाला त्या क्षणी ते आठवलं नाही. मी तर मराठीचा मास्तर.

तिने दोन कोटी येन घेतले. सहासष्टमधले चाळीस लाख जागेला गेले. सव्वीस उरले. ते कामाच्या खर्चाला वापरायचे असं बँकेला लिहून दिलं होतं, पण कामाला एवढे लागत नव्हते. दहा लाख तिने दुसऱ्या बँकेत मुदतीवर ठेवले, साडेनऊ टक्क्यांनी. सोळा लाख मार्केट यार्डातल्या बद्रीनाथ नावाच्या भुसार व्यापाऱ्याला दिले, दीड टक्का महिन्याने, म्हणजे वर्षाला अठरा.

तिने मला एका पाकिटाच्या पाठीवर हिशेब करून दाखवला होता. बद्रीनाथकडून वर्षाला दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार, मुदत ठेवीचे पंच्याण्णव हजार. येनचं सगळं व्याज दोन लाखाच्या आत. "म्हणजे सर, उरलेल्या पैशांचं व्याज सगळ्या कर्जाचं व्याज भागवतं आणि वर पावणेदोन लाख राहतात. ऑफिस फुकट पडलं."

"मग सगळेच असं का करत नाहीत?" मी विचारलं.

"करतायत की, सर. जगभर करतायत."

तिने ते मला धीर द्यायला सांगितलं होतं, आणि मला धीर आलाही.

कर्जाला तारण म्हणून नवी जागा होतीच, पण बँकेला ती पुरेना. म्हणून दत्तोबांचा फ्लॅट. कागद इंग्रजीत होते. जयाने वडिलांना वाचून दाखवलं, "बाबा, ही फक्त औपचारिकता आहे. मी हप्ते भरणारच." दत्तोबांनी चष्मा लावला, प्रत्येक पानावर हळूहळू सही केली आणि मला म्हणाले, "मास्तर, पोरगी म्हणती म्हंजी बरोबरच असंल." मी मान डोलावली. कागद माझ्याही हातात होते. मला इंग्रजी येतं. मी वाचले नाहीत.

पहिलं वर्ष गोड गेलं. येन थोडा थोडा चढत होता. २००८ च्या जुलैत कर्जाचं नूतनीकरण होतं, तेव्हा शंभर येनला चाळीस रुपये झाले होते. म्हणजे सहासष्ट लाखांचे ऐंशी झाले होते. ऋषीने विचारलं, "मॅडम, आता फॉरवर्ड कव्हर घ्यायचं का? आजच पुढच्या वर्षीचा दर बांधून टाकू."

"बांधला तर काय पडतं?"

"बांधला तर..." त्याने लॅपटॉपवर पाहिलं. "वाचलेलं व्याज बहुतेक त्यातच जातं. सरळ बोलतो."

"मग घेऊन उपयोग काय? आणि आता बंद केलं तर चौदा लाखांचा तोटा मी हाताने लिहून घ्यायचा?"

"उतरेल म्हणा, मॅडम. पंधरा वर्षांचा चार्ट बघा."

तिने कर्ज पुढे चालू ठेवलं. तिच्या वहीत कर्जाच्या पुढे अजूनही सहासष्ट लाख असंच लिहिलेलं होतं. दोन कोटी येन हा आकडा वहीत कुठेच नव्हता.

सप्टेंबरच्या मध्याला अमेरिकेतल्या बँका बुडायला लागल्या. मी पेपरात वाचलं आणि पान उलटलं. चार दिवसांनी जया संध्याकाळी फिरायला जाताना मला दिसली आणि तिने मला ओळख दिली नाही. ती मोबाइलच्या काचेकडे बघत चालली होती, फुटपाथ संपला तरी तशीच. रिक्षावाला ओरडला तेव्हा थांबली.

"सर, त्रेचाळीस झाला," ती म्हणाली.

मला तो तापमानाचा आकडा वाटला.

त्या दिवशी तिने मला एकच गोष्ट शिकवली, आणि पुढचा सगळा महिना मला ती पुरली: शंभर येनमागे एक रुपया चढला की दोन लाखांनी देणं वाढतं. तेव्हापासून मीही दर पाहू लागलो. रिझर्व्ह बँकेचा दर दुपारी येतो. आमच्या घरी नातवाचा कॉम्प्युटर होता. जेवण टाकून मी त्याच्यासमोर बसायचो. सप्टेंबरअखेर पंचेचाळीसला टेकला. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यानंतर एकोणपन्नास. मला शाळेत गणित कधी आवडलं नाही, आणि आता दोनने गुणायची भीती वाटू लागली.

मी ऋषीला एकदा विचारलं, हे कशामुळे. तो बिचारा आता दिवसातून दोनदा जयाकडे येत होता, कारण त्याचीही नोकरी हलत होती.

"सर, मॅडमनी केलं तेच जगातल्या मोठमोठ्या फंडांनी केलं होतं. स्वस्तातले येन घ्यायचे, ते ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, ब्राझील, जिथे जास्त व्याज मिळतं तिथे ठेवायचे. बरीच वर्षं चाललं. आता घाबरले. कर्ज फेडायचं तर येन पाहिजेत, म्हणून तिकडचं विकून सगळे एकदम येन घ्यायला धावले. घेतले की दर चढतो. चढला की उरलेले आणखी घाबरतात, तेही धावतात."

"आणि रुपया?"

"परदेशी लोक आपल्या शेअर बाजारातून पैसे काढून नेतायत. त्यामुळे रुपया पडतोय. मॅडमना दोन्हीकडून लागतंय."

"तू म्हणाला होतास, त्यांची कमाई जपानी आहे."

त्याने लॅपटॉप बंद केला. मग म्हणाला, "डॉलर पण चढलाय, सर. बिलाचे थोडे जास्त रुपये येतील." पण येन त्या डॉलरपेक्षाही चढला होता, आणि सिंगापूरच्या कंपनीने त्याच आठवड्यात कळवलं होतं की नोव्हेंबरपासून काम निम्मं.

ऑक्टोबरच्या चौदा तारखेला बँकेचं पत्र आलं. दर त्या दिवशी सत्तेचाळीसपर्यंत खाली आला होता आणि जयाच्या चेहऱ्यावर तीन आठवड्यांनी रक्त दिसत होतं. पत्रात लिहिलं होतं: देणं तारणाच्या प्रमाणाबाहेर गेलं आहे. चोवीस तारखेपर्यंत वीस लाखांचं जादा तारण किंवा रोख भरा. न भरल्यास बँक त्या दिवशीच्या दराने कर्ज रुपयात बदलेल आणि तारणावर कारवाई सुरू करेल.

"सर, माझ्याबरोबर मार्केट यार्डात येता?" तिने विचारलं. "काही बोलू नका. नुसते शेजारी बसा."

बद्रीनाथच्या गाळ्यात हळदीची पोती छपरापर्यंत होती. माणूस जाड, हसरा, कपाळावर हळदीचाच टिळा. आम्हाला पाहून त्याने चहा सांगितला.

"ताई, व्याज पाच तारखेला पोचलं ना?"

"पोचलं. मला मुद्दल हवंय. सोळाही."

"केव्हा?"

"या आठवड्यात."

तो हसला, मग थांबला, कारण जया हसत नव्हती. "ताई, हे बघा," त्याने पोत्यांकडे हात केला. "तुमचे सोळा लाख हे इथं बसलेत. भाव पडलाय. आज विकलं तर अकरा येतील, आणि तेही घेणारा असला तर. दिवाळी जाऊ द्या, संक्रांत जाऊ द्या. तुम्हाला अठरा टक्के देतोय ते काय माझ्याकडे तिजोरीत पैसे पडलेत म्हणून? बँक मला देत नाही म्हणून देतोय."

हे तो अगदी साधेपणाने म्हणाला. वर्षभर जयाने ते अठरा टक्के बघितले होते. ते अठरा का आहेत हे तिला त्या दिवशी कुणीतरी सांगितलं.

"लिहून दिलंयत तुम्ही, मागेन तेव्हा."

"दिलंय. कोर्टात जा, सात वर्षांनी मिळतील. इथे बसा, चार लाख आत्ता देतो." त्याने मुनिमाला चेक लिहायला सांगितला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "काका, आपण ताईंचे वडील?"

"मास्तर," मी म्हणालो. तेवढं एकच बोललो.

बाहेर हमाल पोती उतरवत होते. जया एका बंद गाळ्याच्या पायरीवर बसली.  दहा लाखांची ठेव मोडली तरी चौदाच होत होते. ते भरले असते, पण दर चढला की बँक पुन्हा मागणार होती, हे तिला माहीत होतं.

"बाबांना सांगितलंस?" मी विचारलं.

"उतरतोय, सर. सत्तेचाळीस आहे. पंचेचाळीसला आला की मी बंद करते आणि मग सांगते."

तो पंचेचाळीसला आला नाही. बावीस तारखेला पन्नास, तेवीसला एक्कावन्न. ती जेवत नव्हती. ऑफिसातल्या मुली दारातून डोकावून परत जात. दत्तोबा मला दुपारी गल्लीत भेटले आणि म्हणाले, "मास्तर, पोरीला कसला आजार हाय का? मला सांगत न्हाई. डॉक्टरनं काय सांगितलंय त्ये तुमाला ठाऊक असलं तर सांगा." त्यांना कर्करोगाची शंका होती. मी खोटं बोललो नाही, खरंही बोललो नाही. घरी येऊन मात्र मला बसवेना. त्या कागदांच्या वेळी मीच मान डोलावली होती.

चोवीस तारीख शुक्रवारची होती. सकाळी नऊलाच मी त्यांच्याकडे गेलो. जया खुर्चीत बसली होती, समोर बँकेचं पत्र. मला पाहून तिला कळलं मी कशाला आलोय. दत्तोबांनी पाट घेतला.

"बाबा, बँकेचं पत्र आलंय," ती म्हणाली आणि वाचू लागली. पत्र इंग्रजीत, ती मराठीत सांगत होती. "लिहिलंय की कर्जाची रक्कम थोडी वाढली आहे. बँकेला थोडी काळजी वाटते. शक्य असेल तर आणखी काही तारण द्यावं, नाहीतर बँक काही पावलं उचलू शकते."

तिचा आवाज शांत होता. तोच आवाज मी सत्तावीस वर्षांपूर्वी तेलुगूत ऐकला होता. दत्तोबांचा चेहरा हळूहळू सैल होऊ लागला, म्हातारा माणूस आजार नाही एवढ्यावरच सुखावला होता.

"जया," मी म्हणालो. "आहे तसं वाच."

तिने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, ती मला कधी क्षमा करणार नाही.

मग तिने पुन्हा सुरुवात केली. एकेक वाक्य आधी इंग्रजीत, मग मराठीत. आकडे आकड्यांसारखे, आणि कालच्या दराने देणं एक कोटी दोन लाखांवर गेलं हेही. फ्लॅटचा पत्ता, दत्तोबा रखमाजी वाळुंज हे नाव, जप्ती आणि लिलाव हे शब्द. वाचून झाल्यावर तिने पत्र घडी न करता खाली ठेवलं.

दत्तोबांनी पत्र उचलून उलटसुलट पाहिलं. मग म्हणाले, "पन मी समजलो न्हाई. सहासष्ट घेतले. वर्षभर व्याज भरलं. मग एक कोटीच्या वर कसं झालं? कुनी खाल्लं?"

 मीच सांगितलं. "वाळुंज, आपण याला कर्ज म्हणत होतो, पण हे उसनं आहे. कौशल्यावहिनी शेजारून वाटीभर साखर उसनी आणायच्या, तेव्हा परत काय द्यायच्या?"

"साखर."

"पैसे नाही?"

"पैसे कशाला देतील. साखरच. वाटीला वाटी."

"जयाने दोन कोटी येन उसने आणले. ते विकून सहासष्ट लाख रुपये आले. परत द्यायचे आहेत ते रुपये नाहीत, येन. आणि जगभर सगळ्यांनाच एकदम येन परत द्यायचे असल्याने येन महाग झाला."

दत्तोबा म्हणाले, "म्हंजी हिनं साखर आनून विकली. अन् आता गल्लीतल्या समद्यांलाच एका दिवशी साखर परत करायचीय."

"हो."

"अन् उद्या आनखी म्हागंल?"

"कुणाला माहीत नाही," जया म्हणाली. त्या महिन्यात तिने उच्चारलेलं ते पहिलं खरं वाक्य होतं. "खाली येईल असं मी रोज म्हणत होते. दहा दिवस थांबले, त्यात आठ लाख वाढले."

"मग आज संपवायचं," दत्तोबा उठत म्हणाले. "आमच्या शेडमधी वास आला की आधी भाईर पडायचं, अशी शिस्त व्हती. कुनाचं काय ऱ्हायलं त्ये मागनं बघायचं. थांबलेला मानूस मी उचललाय."

आम्ही तिघे रिक्षाने बँकेत गेलो. ऋषीने खुर्च्या दिल्या. परकी चलन विकणाऱ्या बँकेच्या मुंबईतल्या विभागाला, ट्रेझरीला, त्याने फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. दोन कोटी येन विकत घ्यायचे, येनचं कर्ज मिटवायचं आणि तेवढं देणं रुपयात घ्यायचं. तिकडून एका मुलीचा आवाज आला, "फिफ्टी टू एटी. डन?"

"मॅडम, हो म्हणा," ऋषी म्हणाला. "सांगितलेला दर काही सेकंदच टिकतो."

जयाने फोनकडे पाहिलं, मग ऋषीच्या लॅपटॉपकडे. 

"गेला," फोनमधली मुलगी म्हणाली. "फिफ्टी थ्री झीरो फाइव्ह."

"पन्नास हजार," जया पुटपुटली. एवढ्या वेळात दर पंचवीस पैशांनी चढून पन्नास हजार गेले होते, आणि ती पुन्हा थांबली. तिच्या डोळ्यांत मला ती आशा दिसली, जिने तिला दहा दिवस थांबवलं होतं: कदाचित पुढचा आकडा कमी असेल.

"हो म्हन," दत्तोबा म्हणाले.

"बाबा, घर जाईल."

"ऐकलं मगाशी. हो म्हन."

"डन," जया म्हणाली.

"डन फिफ्टी थ्री झीरो फाइव्ह," तिकडून आवाज आला आणि फोन बंद झाला. एक कोटी सहा लाख दहा हजार. ऋषीने ते एका कागदावर लिहिलं आणि कागद उलटा ठेवला. देणं आता रुपयांत होतं. दुपारचा दर पाहायची गरज उरली नव्हती, तरी दीड वाजता माझा हात कॉम्प्युटरकडे गेला.

ठेव मोडून दहा, बद्रीनाथचे चार. ऑफिसची जागा त्या मंदीत अडतीसला गेली. फ्लॅट बँकेने लिलावात काढायच्या आत दत्तोबांनी स्वतःच विकला, चौतीस लाखांना, एका आयटीतल्या जोडप्याला. पाटी त्यांनी काढून घेतली नाही. म्हणाले, "नव्या मानसाला भोकं बुजवायला नकोत, वरनं आपली लावंल." उरलेल्या वीस लाखांचं रुपयांतलं कर्ज, चौदा टक्क्यांनी, जयाच्या अंगावर राहिलं. अकरापैकी आठ मुलींना तिने स्वतः ओळखीच्या कंपन्यांत लावून दिलं. प्रत्येकीशी बोलताना तिने घडलं ते आकड्यांसह सांगितलं, असं त्यांच्यातल्या राजनंदिनीने मला नंतर सांगितलं. बद्रीनाथने पुढच्या दोन वर्षांत आठ लाख दिले. उरलेले चार दिले नाहीत. आता तो भेटला की जया नमस्कार करते.

ऋषीने त्या वर्षी बँक सोडली. त्याच्याकडच्या आणखी एका गिऱ्हाइकाने मात्र थांबायचं ठरवलं होतं, दर खाली येईल म्हणून. २०१२ साली शंभर येनला सत्तर रुपयांच्या आसपास पडत होते. तेहतीस परत कधीच आला नाही. हे मी जयाला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "माहीत आहे, सर. पण त्यामुळे माझं शहाणपण वाढत नाही. त्या दिवशी बाबा नसते तर मीही थांबले असते."

ती माझ्याशी दोन महिने बोलली नव्हती. नंतर एके दिवशी एका कंपनीचा मराठी मजकूर तपासायला घेऊन आली आणि नेहमीसारखी वाद घालत बसली. पत्राचा विषय आम्ही दोघांनी कधी काढला नाही.

कर्जाचा शेवटचा हप्ता तिने गेल्या मार्चमध्ये भरला. ती आणि दत्तोबा आता खडकीला भाड्याच्या दोन खोल्यांत राहतात. सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेसहाला तिची जपानीची शिकवणी असते, आणि यंदा तिच्याकडे चौदा विद्यार्थी आहेत.